शंभर कशाचे?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते गुरुजी मला अंकगणित शिकवायचे. वार्षिक निकाल लागला त्या दिवशी मी धावत त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "गुरुजी, बहात्तर टक्के!" पाठीवर हात पडेल असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "शंभर कशाचे?"

मला काही कळेना. शंभर कुठे होते? परीक्षा सहाशे गुणांची होती आणि मला चारशे बत्तीस मिळाले होते. गुरुजींनी पाटी मागवली. वर ४३२ लिहिलं, रेघ मारली, खाली ६०० लिहिलं. मग म्हणाले, "वरच्याला सहाने भाग, खालच्यालाही सहाने भाग." वर आले ७२, खाली आले १००. "हे तुझे बहात्तर टक्के. सहाशेची परीक्षा आपण शंभराची करून पाहिली. गुणपत्रिकेवर बहात्तर हा आकडा शोधशील तर सापडायचा नाही."

आजचं व्याख्यान त्या पाटीवरच्या एका रेघेबद्दल आहे. विषय प्राथमिक शाळेतला आहे, हे मान्य. पण त्या रेघेखाली काय आहे हे विसरलं की मोठी माणसंही कशी चुकतात, हे मी चावडीवर पाहिलेलं आहे. तिथपर्यंत आपण सावकाश जाऊ.

आधी शब्द. शतमान हा पुस्तकातला शब्द, टक्का हा बाजारातला. मला मात्र आपला जुना शब्द आवडतो, शेकडा. 'दर शेकडा पाच' म्हटलं की अर्थ शब्दातच येतो: प्रत्येक शंभरामागे पाच. जुन्या अंकगणितात व्याजाच्या उदाहरणात 'द. सा. द. शे.' अशी चार अक्षरं असायची, दर साल दर शेकडा. मुलं ती मंत्रासारखी म्हणत आणि अर्थ विचारत नसत. त्यातला 'दर' फार महत्त्वाचा आहे. रुपये शंभर असलेच पाहिजेत असं तो म्हणत नाही. शंभर असते तर पाच झाले असते, आता तुमचे जितके असतील त्या मानाने करा, एवढंच तो सांगतो.

ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांबरोबर आलेली नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमाराला, पंचराशिकाच्या प्रकरणात एक उदाहरण आहे. शंभराला महिन्याला पाच व्याज असेल, तर सोळांचं वर्षाचं व्याज किती? गंमत पाहा, दर शंभराचा आणि मुद्दल सोळा. शंभर कुठेच नाहीत! शंभराला पाच, तर एकाला पाच भागिले शंभर. सोळांना त्याच्या सोळापट, म्हणजे ऐंशी भागिले शंभर. हे एका महिन्याचं झालं. बारा महिन्यांचं नऊशे साठ भागिले शंभर. उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश, आणि लीलावतीतलं उत्तर हेच आहे.

आज आपण ९.६ असं लिहून मोकळे होऊ. भास्कराचार्य तसं लिहीत नसत. दशांश चिन्ह देऊन अपूर्णांक लिहिण्याची रीत त्यांच्याकडे नव्हती. शेकडा होता, अपूर्णांक होता, पण ९.६ नव्हतं. अपूर्णांक, शेकडा आणि दशांश ही एकाच वेळी जन्मलेली तिळी भावंडं नाहीत. वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या काळी घरात आलेली माणसं आहेत, आणि शाळा त्यांना एकाच धड्यात शेजारी शेजारी बसवते.

(जाता जाता: सोळांचं वर्षाचं व्याज ९.६ म्हणजे सालाला शेकडा साठ! आजही खेड्यात सावकार 'तीन टक्क्यांनी देतो' म्हणतो तेव्हा तो महिन्याचं बोलत असतो, आणि बँक बारा टक्के म्हणते तेव्हा वर्षाचं. तीन हा आकडा बारापेक्षा लहान दिसतो म्हणून सावकाराकडे जाणारी माणसं मी पाहिली आहेत. तीन महिन्याला म्हणजे वर्षाला छत्तीस.)

आता अपूर्णांकाचा शेकडा कसा करायचा? छेद शंभर करायचा, एवढंच. तीन चतुर्थांश घ्या. चाराचे शंभर करायला पंचविसाने गुणावं लागतं, मग तीनलाही पंचविसाने गुणा. पंचाहत्तर शतांश, म्हणजे पंचाहत्तर टक्के. वर आणि खाली एकाच आकड्याने गुणलं की किंमत बदलत नाही, भाकरीचे तुकडे बारीक होतात, भाकरी तेवढीच राहते. गुरुजींच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ केली होती. ज्याला पावकी येते त्याला पंचवीस टक्के वेगळे शिकवावे लागत नाहीत. आणि ज्याला सवायकी येते त्याला एकशे पंचवीस टक्क्यांचं नवल वाटत नाही.

छेद दोन, चार, पाच, दहा, वीस, पंचवीस किंवा पन्नास असेल तर काम सोपं, कारण यांचे पूर्ण शंभर होतात. आठाचे होत नाहीत. आणि सोळाचे तर नाहीतच, आणि आपल्या रुपयाचे आणे होते सोळा.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपया म्हणजे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. सोळा हा वाईट आकडा नव्हता. त्याचं अर्ध करा आठ, पुन्हा अर्ध चार, पुन्हा दोन, पुन्हा एक. वाटणीला उत्तम. पण एक आण्याचे नवे पैसे किती? सोळांत शंभर तर एकात शंभर भागिले सोळा, म्हणजे सव्वासहा. पाव पैसा कुणाच्या खिशात असतो? म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याला सहा नवे पैसे धरले, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस. हे कोष्टक मी मुलांना नेहमी दाखवतो. चार वेळा एकेक आणा दिलात तर चोवीस पैसे, एकदम चार आणे दिलेत तर पंचवीस. एक पैसा गेला कुठे? प्रत्येक वेळी पाव पैसा कापला, चार वेळा कापला, त्याचा एक झाला. आधी हिशोब पुरा करा आणि शेवटी एकदाच पैसा पुरा करा, हा नियम त्या कोष्टकाने लोकांना खर्चाने शिकवला.

तरी आण्यांनी भाषा सोडली नाही. गोष्ट पूर्ण खरी असेल तर आपण अजून सोळा आणे खरी म्हणतो. आणि पीक अर्ध आलं तर 'आठ आणे आलं' म्हणतो. आठ आणे म्हणजे आठ सोळांश, एक द्वितीयांश, ५० टक्के, ०.५. एकाच पिकाची ही चार नावं.

दशांशासाठी मला बँकेचं पासबुक आणायची गरज नाही, सातबारा पुरतो. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. एक हेक्टर म्हणजे शंभर आर, आणि एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर. तेव्हा आर हा हेक्टरचा एक टक्काच झाला. १.२५ लिहिलेलं असेल तर आपण 'एक हेक्टर पंचवीस आर' असं वाचतो, आणि वाचतानाच दशांशाचा शेकडा करून टाकतो, नकळत.

म्हणून दशांशाचे टक्के करताना चिन्ह दोन घरं उजवीकडे सरकतं. हा जादूचा नियम नाही. चिन्हानंतरचं पहिलं घर दशांशांचं, दुसरं शतांशांचं. टक्के म्हणजे शतांश मोजणं. ०.४६ मध्ये चार दशांश आणि सहा शतांश आहेत. चार दशांश म्हणजे चाळीस शतांश, त्यात सहा मिळवले की सेहेचाळीस. जुने मास्तर ०.४६ हे 'शून्य पूर्णांक सेहेचाळीस शतांश' असं वाचायला लावत. आज आपण 'शून्य पॉइंट चार सहा' म्हणतो. सोयीचं आहे, पण टक्क्याचा अर्थ त्या वाचनातून निघून गेला.

उलट जाताना चूक होते ती इथे. सात टक्क्यांचा दशांश मुलं ०.७ करतात. त्यांना मी सातबारा दाखवतो. सात आर जमीन ०.७ हेक्टर कशी होईल? ती तर सत्तर आर झाली. सात आर म्हणजे ०.०७. मधलं शून्य शोभेचं नाही, ते दशांशांचं रिकामं घर राखून बसलं आहे. आणि अर्धा टक्का? लोक पटकन ०.५ लिहितात. पण ०.५ हेक्टर म्हणजे अर्धं हेक्टर. अर्धा टक्का म्हणजे अर्धा आर, पन्नास चौरस मीटर, ०.००५. अपूर्णांकात दोनशेतला एक.

तीन भावांत चाळीस आर वाटायचे असतील तर? एकाला एक तृतीयांश. १ ला तिनाने भागा: ०.३३३, पुढे तिनांना अंत नाही. तेहेतीस टक्के म्हणजे एक तृतीयांश नव्हे, तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश टक्के म्हणजे एक तृतीयांश. चाळीस आर म्हणजे चार हजार चौरस मीटर. प्रत्येकाला एक हजार तीनशे तेहेतीस दिले तर तिघांचे तीन हजार नऊशे नव्व्याण्णव होतात, एक चौरस मीटर बांधावर उरतो. पण कुणी चौरस मीटर सोडून नुसते तेरा तेरा आर लिहिले, तर अख्खा एक आर उरतो. एवढ्या जागेत घर उभं राहतं. अशा जागी अपूर्णांक जपून ठेवावा आणि दशांश शेवटी काढावा.

आता चावडीवर जाऊ. आमच्या लहानपणी गावात आणेवारी हा मोठा शब्द होता. पुढे तिची पैसेवारी झाली, पण म्हातारी माणसं आणेवारीच म्हणत राहिली, अजून म्हणतात. कल्पना अशी: गावात या हंगामात पीक रुपयात किती आलं? प्रमाण पीक म्हणजे पूर्ण रुपया, शंभर पैसे. नजरअंदाज पैसेवारी आधी निघते, मग सुधारित, मग अंतिम. अंतिम आकडा पन्नास पैशांच्या खाली आला की गाव टंचाईच्या सवलतींत धरलं जाई: जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, शेतकऱ्यांच्या मुलांना परीक्षा शुल्क माफ. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, जमिनीतला ओलावा, पिकांची हिरवळ असे इतर निकष पुढे आले, पण गावाच्या तोंडी पन्नास पैसे घट्ट बसले आहेत.

पीक कसं मोजतात? शेतात चौकोन आखतात, त्यातलं पीक कापतात, मळतात, वजन करतात. चौकोनाचं माप पिकानुसार बदलतं. उदाहरणापुरता दहा मीटर बाय दहा मीटर घेऊ, कारण तो बरोबर एक आर होतो. पुढचे सगळे आकडेही मी उदाहरणासाठीच घेतले आहेत. समजा, त्या एका आरात ज्वारी निघाली ३.६८ किलो. हेक्टरात शंभर आर, म्हणून ३६८ किलो. चिन्ह दोन घरं सरकलं, मघाचंच. प्रमाण उत्पन्न समजा हेक्टरी ८००. आता पाटीवर ३६८ वर, ८०० खाली. दोन्हींना आठाने भागा. ४६ आणि १००. दशांश ०.४६, टक्के ४६, पैसेवारी ४६ पैसे. आण्यांत हवी असेल तर ४६ टक्क्यांना सोळाने गुणा: ७.३६, म्हणजे सव्वासात आण्यांच्या जरा वर.

हिशोब इथवर निर्दोष आहे. आता त्याच पिकाची पैसेवारी साडेसत्तावन्न करून दाखवतो. कापणीत काहीही बदललेलं नाही, ज्वारी तेवढीच, ३६८ किलो. फक्त प्रमाण उत्पन्न आठशेऐवजी ६४० धरा. ३६८ भागिले ६४० बरोबर ०.५७५. साडेसत्तावन्न पैसे. गाव पन्नासच्या वर गेलं, सवलत गेली. आणि प्रमाण उत्पन्न ६४० का झालं? कारण ते मागच्या वर्षांच्या सरासरीवरून काढलं आणि त्या वर्षांत दोन-तीन दुष्काळाची होती. दुष्काळ पडत राहिला की शंभर हीच गोष्ट लहान होत जाते, आणि लहान शंभरातले टक्के मोठे दिसतात. चावडीवर भांडण व्हायचं ते वजनकाट्यावरून. खरं भांडण रेघेच्या खालच्या आकड्याबद्दल व्हायला हवं होतं. 'शंभर कशाचे?' हा गुरुजींचा प्रश्न तिथे कुणी विचारला नाही.

दुसरी चूक सरासरीची. समजा, गावात ज्वारी ८० हेक्टरांवर आहे आणि तिची पैसेवारी ४२. सोयाबीन २० हेक्टरांवर, त्याची ६७. गावाची किती? अनेक जण बेचाळीस आणि सदुसष्टची बेरीज करून दोनाने भागतात. साडेचोपन्न. पण ज्वारीचे बेचाळीस आणि सोयाबीनचे सदुसष्ट यांचे शंभर सारखे नाहीत. एकामागे ऐंशी हेक्टर आहेत, दुसऱ्यामागे वीस. ऐंशी गुणिले बेचाळीस, तेहेतीसशे साठ. वीस गुणिले सदुसष्ट, तेराशे चाळीस. दोन्ही मिळून सत्तेचाळीसशे, भागिले शंभर हेक्टर. सत्तेचाळीस पैसे. एका रीतीने गाव पन्नासच्या वर, दुसऱ्या रीतीने खाली. टक्क्यांची थेट सरासरी दोन्हींकडचे शंभर सारखे असतील तरच काढायची. नाहीतर टक्के सोडून मूळ आकड्यांकडे परत जायचं, तिथे बेरीज करायची आणि मग पुन्हा टक्के काढायचे.

गुरुजींची शेवटची आठवण सांगतो. पैसेवारी वाचून दाखवली त्या संध्याकाळी एक म्हातारे शेतकरी शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "गुरुजी, गावाचं निम्म्याला आलं म्हणतात. माझं किती आलं?" गुरुजी म्हणाले, "बाबा, गावाच्या आकड्यात तुमचं शेत वेगळं दिसत नाही. तुमचं आपण वेगळं काढू. जमीन किती?" चाळीस आर, सगळी ज्वारी. घरी आली किती? ब्याण्णव, नाही, शहाण्णव किलो, पायलीने मोजून सांगितली होती, आम्हीच किलो केले.

पाटी निघाली. प्रमाण हेक्टरी आठशे, शेत ०.४० हेक्टरचं, म्हणजे आठशेचे चाळीस टक्के: तीनशे वीस. ते रेघेखाली. वर शहाण्णव. दोन्हींना बत्तिसाने भागलं तर वर तीन, खाली दहा. तीन दशांश, तीस शतांश, तीस पैसे. म्हातारबाबांनी पाटी जवळ घेऊन पाहिली आणि म्हणाले, "पैसे राहू दे गुरुजी, आण्यांत सांग." गुरुजींनी तीसला सोळाने गुणलं, दोन घरं सोडून चिन्ह दिलं, ४.८०. "पावणेपाचाच्या जरा वर," ते म्हणाले. "पाच आणेही पुरते नाहीत."

"हां," म्हातारबाबा म्हणाले, "आता बरोबर."